न आलेल्या वाचकाला मारवा कसा ऐकवायचा?

प्रश्न: मी सोलापुरात नेमाने शास्त्रीय गायनाच्या मैफिली ऐकते. एका साप्ताहिकाने सहाशे शब्दांत परीक्षण मागितलं आहे. लिहायला बसलं की एकतर कार्यक्रमाची बातमी होते, नाहीतर विशेषणांचा ढीग. जो आलाच नव्हता त्याच्यापर्यंत मैफील कशी पोचवायची? मला गाता येत नाही, नेहमीचे राग तेवढे ओळखता येतात.

उत्तर:

तुमची अडचण लिहिण्यापेक्षा टिपणात जास्त असावी. घरी येईपर्यंत हाताशी ‘छान झालं’ एवढंच उरलं असेल, तर त्यातून विशेषणंच निघणार. म्हणून सभागृहात काय टिपायचं इथून सुरुवात करू आणि एकाच रागावर शेवटपर्यंत काम करून पाहू. सहाशे शब्दांत एकच राग नीट सांगता येतो. बाकीचे आटोपशीर.

कुठे बसायचं ते आधी ठरवा. हुतात्मा स्मृती मंदिरात निमंत्रितांच्या पहिल्या रांगेत जागा मिळाली, तरी परीक्षणासाठी ती बरी नाही. तिथे तबला रंगमंचावरून थेट कानावर येतो आणि गळा मात्र बाजूच्या स्पीकरमधून, त्यामुळे दोघांचं प्रमाण चुकीचं ऐकू येतं. सहाव्या ते दहाव्या रांगेच्या मध्यावर बसा आणि मध्यंतरानंतर थोडा वेळ मागे जाऊन ऐका. मागे शब्द कळत नसतील तर ती नोंद परीक्षणात यायला हवी, कारण निम्म्या श्रोत्यांनी तीच मैफील ऐकलेली असते.

वही छोटी घ्या. अंधारात ओळीवर ओळ चढते, म्हणून एका पानावर तीन-चारच नोंदी, मोठ्या अक्षरात. मोबाइलचा उजेड नको, त्याने शेजाऱ्याचं लक्ष जातं आणि तुमचंही. परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण तर नकोच. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: घड्याळातली वेळ, गायकाने काय केलं, आणि त्यावर साथीदाराचं किंवा सभागृहाचं काय झालं. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या टिपणातून सुटते आणि वातावरण नेमकं तिच्यात असतं.

कार्यक्रम कधी सुरू झाला यापेक्षा पहिला सूर कधी लागला ते लिहा. निमंत्रणावर साडेसहा असतं. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि ज्यांचं भाषण ठरलेलंच नव्हतं त्यांचं भाषण. मारवा, पूरिया धनाश्री हे सूर्यास्ताच्या आसपासचे राग. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सत्कार साडेसातपर्यंत लांबले तर गायक मनातला मारवा बाजूला ठेवून सरळ यमन घेऊ शकतो. तसं झाल्याचं साथीदारांकडून कळलं, तर ती परीक्षणातली महत्त्वाची ओळ आहे: भाषणांनी श्रोत्यांचा एक राग खाल्ला.

आता मारवा मिळाला असं धरू. गायक पुरुष, साथीला पेटी आणि तबला, मागे दोन तंबोरे. मैफील उदाहरणापुरती कल्पनेतली आहे, पण टिपण साधारण असं असतं:

६.५२ – तंबोरे जुळताहेत. पंचम नाही, निषाद. पेटी काळी एक.
७.०१ – विलंबित एकताल. सम रे वर. आवर्तन ४८ सेकंद.
७.०९ – अजून सा वर थांबले नाहीत. नि वरून थेट रे. पेटीही सा देत नाही.
७.१४ – मंद्र धैवत, खूप लांब. पुढच्या रांगेतले आजोबा मान हलवायचे थांबले.
७.२१ – तार सा. दाद आधी मागच्या रांगांतून. ठेका तसाच.

यातली प्रत्येक नोंद न गाणाऱ्या माणसालाही करता येते.

पहिली नोंद पाहा. तंबोऱ्याची पहिली तार बहुतेक रागांत पंचमात लावतात. मारव्यात पंचम वर्ज्य आहे, म्हणून ती निषादात लावली जाते, काही जण धैवतात लावतात. ही जुळणी श्रोत्यांसमोर चाललेली असते. नेहमीचा भरलेला ‘प सा सा सा’ ऐकू आला नाही, काहीसं अस्वस्थ वाटलं, तर पंचम नसलेला राग येतोय अशी शक्यता धरायला हरकत नाही. मारवा संपून पंचमाचा राग घ्यायचा असेल तर ती तार पुन्हा जुळवावी लागते. त्या मिनिटभरात सभागृहात काय चालतं तेही पाहून ठेवा.

दुसरी नोंद लयीची. ‘संथ लयीत’ असं लिहून वाचकाच्या हाती काही लागत नाही, कारण प्रत्येकाच्या मनातला संथपणा वेगळा. समेपासून समेपर्यंत घड्याळ लावा. एकतालात बारा मात्रा. ठेक्याचे बोल पाठ करून ठेवा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना. ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसऱ्या तिरकिटनंतर दोन मात्रा गेल्या की सम. विलंबितात मधल्या जागा तबलजी भरत असल्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो, पण मुखडाही बहुधा त्याच सुमाराला उचलला जातो, त्यामुळे दोन-तीन आवर्तनांत सम सापडते. आवर्तनाला ४८ सेकंद लागले म्हणजे एका मात्रेला चार सेकंद. हे वाचकाला पटकन समजतं. द्रुत तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत संपलं, तर तोच माणूस आता किती वेगाने धावतोय हेही त्याच मापाने सांगता येतं.

तिसऱ्या आणि पाचव्या नोंदीत या गाण्याचा गाभा आहे. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत ही मुक्कामाची ठिकाणं. षड्ज असतो, पण त्यावर फार टेकायचं नसतं. तंबोरा मात्र अखंड षड्जच देत असतो. गायक घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन आत पाऊल टाकत नाही, असा हा ताण आहे. तो किती वेळ धरला आणि कुठे सोडला, हे सांगितलं की मारवा ‘उदास’, ‘गंभीर’, ‘व्याकूळ’ होता असं वेगळं सांगायची गरज उरत नाही.

या टिपणावरून नेहमी लिहिलं जाणारं वाक्य असं: ‘आपल्या भारदस्त आवाजात मारवा रागाने मैफिलीची सुरुवात करून त्यांनी रसिकांना मंत्रमुग्ध केले.’ त्यात मारव्याऐवजी यमन घालून पाहा, बिहाग घाला. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. रागाचं नाव बदलूनही जे वाक्य खरंच राहतं ते खोडा. ही चाचणी सगळ्या मसुद्याला लावली की निम्मा मजकूर जातो आणि खऱ्या मजकुराला जागा होते.

त्याच पाच नोंदींतून असा परिच्छेद होऊ शकतो:

‘तंबोरे षड्ज देत होते आणि गायक त्यावर थांबत नव्हते. मंद्र निषादावरून ते थेट कोमल ऋषभावर जात, तिथे रेंगाळत आणि पुन्हा खाली धैवताकडे वळत. विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन पाऊण मिनिटाहून थोडं मोठं, आणि बंदिशीची समही ऋषभावरच. त्यामुळे प्रत्येक वेळी समेवर पोचूनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. पेटीची साथही तितकीच सावध होती. गायक श्वासाला थांबले की पेटी त्यांचा शेवटचा सूर धरी, पण षड्ज आपणहून देत नसे. अशी सुमारे पंचवीस आवर्तनं गेल्यावर, विसाव्या मिनिटाला, अंतऱ्यात तार षड्ज लागला. दाद आधी मागच्या रांगांतून आली.’

जेमतेम ऐंशी शब्द. यात एकही विशेषण गायकाला चिकटवलेलं नाही. ‘ऋषभ’ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्यालाही कळतं की एक सूर टाळला जातोय आणि तो शेवटी येतो. पारिभाषिक शब्दाचा अर्थ वाक्यातल्या घडामोडीतून लागायला हवा, कंसात समजावायची वेळ आली तर वाक्य पुन्हा लिहा. एका परिच्छेदात नवे शब्द दोन-तीनच ठेवा. इथे मींड, बोलआलाप, गमक यांनाही जागा करता आली असती. मग वाचक त्यांतच अडकला असता.

दाद कुठून आली तेही कारणासकट लिहायचं असतं. ‘टाळ्यांचा कडकडाट’ ही बातमी झाली. कोणत्या सुराला, कोणत्या समेला, किती वेळ थांबल्यावर, हे लिहिलं की न आलेला वाचक त्या खुर्चीवर येऊन बसतो. उलटही टिपा. तानांच्या फैरीला टाळ्या पडल्या आणि मंद्र सप्तकातल्या सुंदर जागेला सभागृह गप्प राहिलं, तर ती शांतता कसली होती? लोक मोबाइल पाहत होते की मान खाली घालून ऐकत होते? दोन्हींची शांतता दुरून सारखीच वाटते, म्हणून मान वळवून पाहा.

राग ओळखताना एक सापळा आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्हींचे सूर तेच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक चालीत आणि मुक्कामात आहे. मारवा ऋषभ-धैवतावर राहतो, पूरिया गंधार-निषादावर आणि बराचसा खालच्या अंगाने, तर सोहनी वरच्या सप्तकात खेळते. म्हणून नुसते सूर ओळखून नाव लिहू नका. निवेदकाचा किंवा पत्रिकेचा भरवसाही धरू नका, ऐन वेळी राग बदलला तरी पत्रिका तीच राहते. कार्यक्रम संपल्यावर पेटीवाल्यांना विचारा. राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, मधेच काय बदललं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं आणि गायकाभोवती गर्दी असताना त्यांच्याकडे वेळही असतो. बंदिशीचे शब्द ऐकीव लिहू नका. ब्रज भाषेतले शब्द चुकीचे ऐकले जातात आणि ती चूक छापून आल्यावर दिसते.

साथीबद्दल ‘समर्पक साथ केली’ हे वाक्य इतकं झिजलंय की ते न लिहिलेलं बरं. तबल्यात तीन गोष्टी पाहा. विलंबितात ठेका एकसारखा राहिला का, हे तुमच्या घड्याळावरच कळेल: सुरुवातीला ४८ सेकंद आणि विसाव्या मिनिटाला ४० झाले असतील, तर लय चढली. ती गायकाने मागितली म्हणून की तबला पळाला म्हणून, हे गायकाच्या हाताकडे पाहिलं तर समजतं. दुसरं, गायक आलापात असताना तबलजींनी जागा भरल्या की मोकळ्या ठेवल्या. तिसरं, मुखडा उचलण्याआधी त्यांनी काही वाजवलं तर ते गायकाला समेवर नेणारं होतं की मधे येणारं. यातली एकच गोष्ट परीक्षणात घ्या, पण नेमकी घ्या. तंबोऱ्यावर बसलेल्यांची नावं राहून जातात. त्यांतलं कुणी मधूनच स्वर देत असेल तर ते गाण्याचाच भाग आहे.

ध्वनिव्यवस्थेचा दोष कलाकाराच्या माथी मारण्याची चूक फार होते. डग्गा घुमून गळा झाकला जात असेल, तर तबलजीचा हात जड आहे असं लिहिण्याआधी थांबा. त्यांना स्वतःजवळच्या मॉनिटरमधून जे येतं तेच ऐकू येतं, सभागृहात काय जातंय याचा त्यांना पत्ता नसतो. गायकाने ध्वनियंत्रणेकडे किती वेळा खूण केली, शिटी कधी वाजली, कितव्या मिनिटाला सगळं सुधारलं, एवढं टिपा. पहिला अर्धा तास माइकशी झगडण्यात गेला असेल तर त्या वेळातल्या आलापाबद्दल कडक निकाल देऊ नये.

दोष लिहायचाच असेल तर जागा, काय झालं आणि पुढे काय परिणाम झाला, या क्रमाने लिहा. ‘तार सप्तकात आवाज कमी पडला’ हे मोघम आहे. ‘अंतऱ्यात तार गंधारावर सूर दोनदा किंचित खाली राहिला, त्यानंतर द्रुतातही ते वरच्या षड्जापुढे फारसे गेले नाहीत’ हे तपासता येतं. तुम्ही गात नाही, म्हणून सूर उतरला की नाही याची खात्री नसेल तर निकाल देऊ नका. जे दिसलं ते लिहा: गायकाने तिथे जाणं टाळलं, पाणी मागितलं, पट्टी बदलायला सांगितली. तेवढ्याने जाणकार वाचकाला पुढचं कळतं.

सोलापुरातल्या मैफिलीचा एक भाग बाहेरच्या परीक्षकाकडून हमखास सुटतो, तो तुमच्याकडून सुटू नये. धारवाडकडची परंपरा असलेला गायक असेल तर शेवटाकडे कन्नड वचन येण्याची शक्यता मोठी, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या वचनगायनामुळे तो रिवाज श्रोत्यांच्याही ओळखीचा आहे. आपल्या सभागृहात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे शेजारी-शेजारी बसतात. वचनाच्या पहिल्या ओळीलाच काही माना वर होतात, आणि बाकीचे त्यांच्याकडे पाहून समजतात की काहीतरी ओळखीचं आलंय. हे दुसऱ्या शहरात असंच घडेल असं नाही, म्हणून परीक्षणात याला दोन वाक्यं द्या.

वचन कोणाचं ते ओळखायला शेवटच्या ओळीकडे कान ठेवा. वचनकार तिथे आपल्या इष्टदेवतेचं नाव मुद्रेसारखं घालतात. ‘कूडलसंगमदेव’ आलं तर बसवेश्वर, ‘चेन्नमल्लिकार्जुन’ आलं तर अक्कमहादेवी, ‘गुहेश्वर’ आलं तर अल्लमप्रभू. आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ऐकू आलं तर ते सिद्धरामेश्वरांचं, म्हणजे ज्यांच्या यात्रेत दर जानेवारीत आपल्याकडे नंदीध्वज निघतात त्यांचंच. बाराव्या शतकातले सिद्धराम स्वतः वचनकार होते हे अनेक मराठी वाचकांना माहीत नसतं. त्यांचं वचन त्यांच्याच गावात गायलं गेलं, तर ती ओळ परीक्षणाच्या सुरुवातीलाही शोभेल. कन्नड येत नसेल तर शेजाऱ्याला अर्थ विचारून आपल्या शब्दांत लिहा, मूळ शब्द ऐकून छापायला देऊ नका.

कार्यक्रम मैदानावर असेल तर घड्याळाचा आणखी एक नियम लागू होतो. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालत नाही, वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. बंद सभागृहाला हे बंधन नाही. म्हणून मैदानावर पावणेदहाला भैरवी आली, तर ती गायकाचं मन भरलं म्हणून आली की संयोजकाने मनगटाकडे बोट दाखवलं म्हणून, हे पाहून लिहा. द्रुत बंदिश चारच मिनिटांत गुंडाळली गेली असेल तर त्याचंही कारण तिथेच सापडेल.

सहाशे शब्दांची वाटणी ढोबळ मानाने अशी करता येईल. मुख्य रागाला अडीचशे-पावणेतीनशे. साथ आणि ध्वनी मिळून शंभर. उत्तरार्ध आणि वचन-अभंगांना शंभर-सव्वाशे. संयोजक, निमित्त, स्थळ, तारीख यांना चाळीस, तेही दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी सामावून. उरलेले शब्द तुमच्या मतासाठी: आजच्या गाण्यात नवीन काय होतं, कुठे ते पसरट झालं. सुरुवात दीपप्रज्वलनापासून करू नका. वरच्या उदाहरणात तर ती सरळ ‘तंबोरे षड्ज देत होते’ इथून होईल. कालक्रम मोडला तरी चालतो, फक्त एकदा तार षड्जापर्यंत आलात की पुन्हा मागे तंबोऱ्याच्या जुळणीकडे जाऊ नका.

टिपणं त्याच रात्री उलगडून ठेवा. ‘ध लांब, आजोबा थांबले’ याचा अर्थ दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हालाच लागणार नाही. मसुदा सकाळी लिहा आणि पाठवण्याआधी तीन गोष्टी फोनवरून पक्क्या करा: सर्व साथीदारांची नावं आणि त्यांचं शुद्धलेखन, रागांची नावं, आणि वचन किंवा अभंग कोणाचा. संयोजक मजकूर आधी वाचायला मागतील. नावं तपासायला द्या, मजकूर देऊ नका.